हर्षाचा एकच प्रश्न

दुपारी साडेबाराला कुणी लग्न मोडतं का? पण अतुलचा मेसेज आला तो नेमका तेव्हा. लाखनीच्या पॅथॉलॉजी लॅबमध्ये हर्षा रक्ताच्या नळ्यांवर नावं चिकटवत होती.

"हर्षा, आता आपण थांबू. तुह्यावर राग नाई. पण लग्न मले जमणार नाई."

तीन वर्षांचं प्रेम तीन ओळींत आटोपलं होतं. हर्षाने पहिलं उत्तर लिहिलं ते शिव्यांचं, दुसरं रडगाण्याचं. दोन्ही खोडली. सोबत काम करणारी डिंपल म्हणाली, "ब्लॉक कर ना त्याले! कायले मान देऊन राहिली?"

हर्षाला मान द्यायचा होता, आणि खरं काय ते कळायलाही हवं होतं. ते कळलं नाही तर जन्मभर स्वतःलाच चाचपडत बसावं लागेल, याची तिला धास्ती वाटली. तिने लिहिलं:

"तुहा निर्णय समजला. मनवाले येणार नाई. एकच सांग, माह्याकडून काय चुकलं? मी वाद घालणार नाई. सांगाचं नसंल तं राहू दे."

दुसरी पोरगी असेल, घरच्यांचा दबाव असेल, असं काहीतरी येईल अशी तिला आशा होती. म्हणजे दोष दुसऱ्यावर ढकलता आला असता. तासाभराने उत्तर आलं.

"जानेवारीत तू शहापूरले घरी आली होती. मायनं चहा देला. तू म्हणली, मी चहा पीत नाई. दुसऱ्या दिवशी मी भेटाले आलो तं लॅबमंधी माह्यासमोर दोन कप पेली. आम्ही बौद्ध, मायले ह्या गोष्टी समजतेत. ती काई बोलली नाई, चहा फेकून देला. मी तवाच विचाराले पायजे होतं. पण आता तुह्याकडं पायलं का तो कप दिसते."

'त्या दिवशी ॲसिडिटी होती,' असं हर्षाने लिहिलंही. मग तिला आठवलं, त्या दिवशी घरून निघताना तिची आई सत्यभामाबाई दारातून ओरडली होती, "तिथं काई खाऊपिऊ नको!" त्यावर हर्षा आईशी कडाकडा भांडली होती आणि तणतणत बसमध्ये चढली होती. आणि तरीही अतुलच्या आईने, पार्वताबाईंनी, पुढे केलेला कप तिने बाजूला सारला होता. ठरवून नाही. हात आपोआप मागे आला होता, आणि जीभ आपोआप खोटं बोलली होती.

तिने ॲसिडिटी खोडली.

"खरं आहे. तुह्या आईची माफी माग माह्या वतीनं. सांगितलं, बरं केलं. सुखी राहा."

"काय म्हणला?" डिंपलने विचारलं.

"खरं बोलला."

समोर खुर्चीत रक्त तपासायला आलेले सोमाजी बाही वर करून बसले होते. आजवर हर्षाने हजारो दंडांना पट्टा बांधला होता, कुणाची जात मनात आली नव्हती. निदान तिला तरी तसंच वाटत आलं होतं. आता आतून दुसरंच कुणी हात हलवत असल्याचा भास तिला झाला.

"बाई, टोचा ना," सोमाजी म्हणाले.

हर्षाने सुई खाली ठेवली. "डिंपल, यांचं रक्त तू घे."

"काहून? तुले काय झालं?"

हर्षा आपल्या उजव्या हाताकडे बघत राहिली. तिला त्याची भीती वाटत होती.