द्राक्षतोडीची संथा

विंचूरजवळच्या द्राक्षमळ्यात फेब्रुवारीची तोडणी सुरू झाली होती. वर्ष दोन हजार सहा. त्या दिवशी दुपारी चार वाजता अर्जेंटिनाहून वाइन उद्योगातली पाहुणेमंडळी यायची होती. त्यांच्या स्वागतासाठी भागुबाई आणि तोडणीच्या अकरा बायका स्पॅनिशमध्ये एक वाक्य म्हणणार होत्या: ‘आम्ही मायेने द्राक्षे तोडतो.’

हे वाक्य शिकवले होते उत्तराने. नाशिकच्या शामसुंदरशास्त्र्यांची ही मुलगी पुण्याला स्पॅनिश शिकली आणि नुकतीच मळ्यावर दुभाषी म्हणून लागली. शिकवण्याची तिची रीत मात्र घरचीच, वडिलांची, म्हणजे अप्पांची. गुरूने एकदा म्हणायचे, शिष्यांनी दोनदा. अर्थाआधी जीभ वळवायची. आठ दिवस बायकांनी घड तोडता तोडता संथा घेतली. “नोसोत्रास कोखेमोस लास ऊवास कोन कारिन्यो.”

सकाळी दहा वाजता ग्रासिएला नावाची पाहुणी इतरांच्या आधी एकटीच पोहोचली. मेंडोसा प्रांतातल्या द्राक्षांची ती जाणकार. तिला पाहताच भागुबाईने बायकांना खूण केली आणि बारा कंठांतून वाक्य खणखणीत उमटले.

ग्रासिएलाचा चेहरा आधी पांढरा झाला, मग लाल. ती उत्तराला मांडवामागे घेऊन गेली. “हे कोणी शिकवलं?”

“मी.”

“पुस्तक स्पेनचं असणार. तिथे ‘कोखेमोस’च्या क्रियापदाने बस पकडतात, फळं तोडतात, लहान मुलाला कडेवर घेतात. आमच्याकडे त्याने फक्त एकच गोष्ट करतात, आणि तीही घाणेरड्या भाषेत.” तिने हळूच अर्थ सांगितला. “चार वाजता येणाऱ्यांत माझे साहेब आहेत. ते हसतील. तुझ्या या बायकांना हसतील.”

उत्तराने मांडवाआडून भागुबाईकडे पाहिले. नोकरी गेली तरी सोसले असते. पण साठीची भागुबाई, जिने आठ दिवस मान खाली न घालता परकी अक्षरे घोकली, ती परक्यांच्या हसण्याचा विषय व्हावी?

“मग काय म्हणायचं?”

“कोसेचामोस. द्राक्षांच्या तोडणीला आम्ही हेच म्हणतो.”

उत्तराने घरी फोन लावला. अप्पांनी सगळे शांतपणे ऐकून घेतले.

“तुझी चूक अडाणीपणाची नाही, उत्तरा. संस्कृतातला ‘शव्’ धातू एकच, पण कंबोज देशात तो ‘जाणे’ या अर्थाने चालतो, आणि आपल्याकडे त्याचे ‘शव’, म्हणजे प्रेत, तेवढे उरले. वैयाकरणांनी हे केव्हाच टिपून ठेवलंय. शब्दाला कुळ असतं, तसं गावही असतं. तू कुळ पाहिलंस, गाव विचारायचं राहिलं.”

“पण अप्पा, बसलेली संथा सहा तासांत पुसायची कशी?”

“पुसली जात नाही ती. त्यांना खरं सांग. ज्याला कारण कळलं, त्याची जीभ जपून चालते.”

उत्तरा चाचरतच भागुबाईपाशी गेली. “भागूमावशी, माझ्याकडून मोठी चूक झाली. ‘कोखेमोस’ हा शब्द यांच्या देशात... वाईट बोलणं आहे.”

“किती वाईट?”

उत्तराने कानात सांगितले. भागुबाईने कात्री खाली ठेवली, पदर तोंडाला लावला, आणि खांदे गदगदू लागले. रडते आहे असे वाटून उत्तरा खाली वाकली. भागुबाई हसत होती.

“अगं ताई, माझं माहेर सटाण्याकडचं. लग्न होऊन आले आन् पयल्याच दिशी सासऱ्यांम्होरं माहेरचा एक साधा सबूद बोलले. समदी पंगत उठली! कोणता ते इचारू नको, नाय सांगायची. मग सासूबाईंनी हळूच नवा सबूद दिला. तू बी दे.”

भागुबाईने बाकीच्यांनाही कारण सांगितले. मग बायकांनी नवी संथा घेतली ती कात्रीच्या तालावर. कात्री मिटली की ‘कोसेचामोस’, घड पाटीत पडला की पुन्हा ‘कोसेचामोस’. जेवणाची सुट्टीही त्यांनी घेतली नाही.

चार वाजता पाहुणे आले. बायका ओळीने उभ्या राहिल्या. ग्रासिएलाने डोळे मिटून घेतले.

“नोसोत्रास को...”

दोन्ही शब्दांचे पहिले अक्षर एकच! बारा जिभा त्या अक्षरावर थबकल्या. तेवढ्यात भागुबाईने हातातली कात्री कच्चकन मिटली, आणि त्या आवाजासरशी सगळ्या एका सुरात पुढे गेल्या, “...सेचामोस लास ऊवास कोन कारिन्यो!”

ग्रासिएलाच्या वयस्क साहेबांनी टोपी काढली. भागुबाईने हाती दिलेला पहिला घड त्यांनी दोन्ही हातांनी घेतला.

संध्याकाळी पाट्या आवरताना भागुबाई म्हणाली, “ताई, आता जुना सबूद टाकून देऊ का?”

“नका टाकू, मावशी. पुढच्या वर्षी स्पेनची माणसं यायची आहेत. त्यांना तो चालतो.”

“म्हंजी आधी पाव्हण्याचं गाव इचारायचं,” भागुबाई पाटी डोईवर घेत म्हणाली, “आन् मंग तोंड उघडायचं. सासूबाई हेच तर सांगत व्हत्या!”