स्वमूल्यमापनाचा दुसरा मसुदा

डिसेंबर लागला की सार्सेरोच्या डोंगरात वारा सुटतो आणि दूध संघाच्या कचेरीत जो तो स्वतःची स्तुती लिहायला बसतो. योर्लेनी सोलानोने या वर्षी त्यासाठी दोन रविवार घातले. गेल्या वर्षी तिने पाच साध्या ओळी लिहिल्या होत्या आणि तिला ‘अपेक्षेइतकं’ हा शेरा मिळाला होता. विक्री विभागातल्या वाग्नरने मात्र दोन पानं भरून काढली आणि तो विभागप्रमुख झाला. यंदा खालच्या खोऱ्यात संघाचं नवं संकलन केंद्र सुरू होणार होतं. तिथल्या प्रयोगशाळेला प्रमुख हवा होता. सात वर्षं दूध तपासलेल्या योर्लेनीला ते पद मनापासून हवं होतं आणि निवड बहुतेक या मूल्यमापनावरच होणार होती.

मसुदा पाठवल्याच्या दुसऱ्या दिवशी प्रयोगशाळेच्या प्रमुख दोन्या ओडिलींनी तिला तीनच्या कॉफीला बोलावलं. टेबलावर ताजा पाव, साय आणि तिचाच कागद होता.

“हे कुणी लिहिलं?” दोन्या ओडिलींनी विचारलं.

“मीच.”

“बरं झालं सांगितलंस. मला वाटलं, वाग्नरने तुझ्या नावावर खपवलं.” त्यांनी चष्मा लावला. “‘गुणवत्तेच्या क्षेत्रात आमूलाग्र परिवर्तन.’ पोरी, केळीचं पान सोडलं, दुसरं सोडलं, तरी आत मक्याच्या पिठाचा तमाल सापडेना!”

योर्लेनी हसली नाही. “गेल्या वर्षी साधं लिहिलं होतं. काय मिळालं?”

“ते खरं आहे,” दोन्या ओडिली शांतपणे म्हणाल्या. “पण गेल्या वर्षीचा दोष साधेपणाचा नव्हता. तू लिहिलंस, ‘नमुने तपासले.’ ते तर तपासणारच. आता नीट ऐक. गुरुवारी आम्ही सगळे विभागप्रमुख एका खोलीत बसतो. कुणाला वरचा शेरा द्यायचा असेल, तर त्याचा प्रमुख कागद वाचतो आणि बाकीचे एकेका ओळीवर बोट ठेवून विचारतात, म्हणजे नेमकं काय केलं? तू तिथे नसतेस. उत्तर मला द्यायचं असतं. ‘संघाचे चार कोटी कोलोन वाचवले’ यावर हिशेबवाले रोनाल्डसाहेब विचारतील, कुठले चार कोटी? काय सांगू?”

“वर्षभरात ज्या टँकरांच्या चाचणीवरून वाद झाला, ते सगळे ओतून द्यावे लागले असते असं धरून...”

“लागले असते?”

“नाही. बहुतेक पुन्हा तपासून सुटलेच असते.”

“मग नेमके किती खरोखर वाचले?”

“दोन. त्या दोन्ही वेळा रात्रपाळीने दूध ओतून द्यायचं ठरवलं होतं, मी पुन्हा तपासून थांबवलं.”

“मग दोनच लिही. दोन टँकर मी उभ्याउभ्या सांगू शकते. चार कोटींसाठी मला बसून घाम पुसावा लागेल.”

योर्लेनीने कागद पुढे ओढला. चाचणीच्या पट्टीचा सगळा प्रकार तिला तोंडपाठ होता. टँकर रिकामा करण्याआधी दुधात प्रतिजैविकं नाहीत ना, हे पट्टीवर पाहतात. चाचणीची रेघ संदर्भाच्या रेघेहून फिकी आली, तर दुधात औषध आहे. पण किती फिकी म्हणजे फिकी, हे प्रत्येक पाळी आपल्या डोळ्याने ठरवायची. योर्लेनीने औषधाचं ज्ञात प्रमाण घातलेल्या दुधाच्या पट्ट्यांचे फोटो काढून ओट्यावर लावले. संशय आला, तर औषध नसलेल्या नियंत्रण नमुन्यासह दोनदा तपासायचं, असा नियम केला आणि तिन्ही पाळ्यांना एकत्र बसवून सराव करून घेतला. वर्षाच्या सुरुवातीला दर महिन्याला पाळ्यांत दहा-अकरा वेळा मतभेद व्हायचे. आता दोन-तीन वेळा होत होते.

तिने ते सगळं तसंच लिहिलं. ‘परिवर्तन’ खोडलं. त्या जागी चार ओळी आल्या. त्या वाचताना तिला जरा नवल वाटलं. हे काम खरंच चांगलं होतं.

“आता ही शेवटची ओळ,” दोन्या ओडिली म्हणाल्या. “‘शेतकऱ्यांना सर्व अहवाल वेळेत.’”

ऑक्टोबरात पेशीगणनेचे अहवाल आठवडाभर उशिरा गेले होते. दुधातल्या पेशी वाढल्या, तर गाईच्या कासेला सूज आली आहे हे शेतकऱ्याला लवकर कळायला हवं. शेतकरी एलादियो यांना ते उशिरा कळलं. तोवर त्यांच्या तीन गाई आजारी पडल्या होत्या. ते स्वतः फाटकाशी येऊन बोलून गेले होते.

“यंत्र आठवडाभर बंद होतं,” योर्लेनी म्हणाली.

“यंत्र दोन दिवस बंद होतं. बाकीचे दिवस?”

योर्लेनीने कॉफीच्या कपाकडे पाहिलं. “बाकीचे दिवस अहवाल माझ्या टेबलावर होते. प्रत्येक अहवाल मी स्वतः तपासून सही करते. माझ्या हाताखालचा विल्बर करू शकला असता. मी त्याला करू दिलं नाही.”

“का?”

“त्याच्याकडून काही चुकेल, असं वाटलं.”

“चुकलं असतं?”

“नाही.”

“मग तेही लिही.”

“दोन्या ओडिली, प्रमुखाच्या जागेसाठी मी लिहू, की मला काम वाटून देता येत नाही?”

“एलादियोंची तक्रार रोनाल्डसाहेबांकडे आहेच. ‘सर्व वेळेत’ ही ओळ त्यांनी वाचली, की वरच्या चार ओळींवरचाही विश्वास उडेल. काय घालायचं ते तू ठरव. मी सांगितलं म्हणून लिहू नकोस.”

त्या कॉफी संपवून निघून गेल्या. योर्लेनीने ‘सर्व अहवाल वेळेत’ खोडलं. त्या जागी तिने लिहिलं, ‘ऑक्टोबरात पेशीगणनेचे अहवाल आठवडाभर उशिरा गेले. दोन दिवस यंत्र बंद होतं. उरलेला उशीर माझा. सहीचा अधिकार मी कुणाला दिला नव्हता. जानेवारीपासून विल्बर आर्गेदास अहवालांवर सही करतील.’ मग तिने नवा मसुदा पाठवून दिला. पाठवल्यावर तिला हलकं वगैरे काही वाटलं नाही.

गुरुवारी बैठक दुपारपर्यंत चालली. शुक्रवारी सकाळी दोन्या ओडिली हातात छत्री घेऊन ओट्यापाशी आल्या.

“पट्ट्यांच्या ओळीवर कुणी काही विचारलं नाही. उत्पादनवाल्यांनी उलट ते फोटो मागितले. उशिराच्या ओळीवर मात्र सगळे अर्धा तास बोलले.”

“मग?”

“रोनाल्डसाहेब म्हणाले, हिला आणखी वर्षभर थांबवा. मी म्हटलं, तिला आपली चूक ठाऊक आहे आणि उपायही ठाऊक आहे. नव्या माणसाच्या चुका शोधायला आपल्याला वर्ष जाईल. शेरा ‘अपेक्षेहून चांगलं’ ठरला. नवं केंद्र तुझं, पण सहा महिने प्रभारी म्हणून. पक्कं करण्याआधी ते पाहणार, अहवालांवर किती जणांच्या सह्या आहेत.”

सहा महिने प्रभारी. पदरात पडलं होतं आणि पडलंही नव्हतं. योर्लेनीने मान डोलावली. “हे योग्य आहे,” ती म्हणाली आणि तिला ते खरोखर तसं वाटलं.

“विल्बरला तू सांग. मी नाही सांगणार.”

विल्बर यंत्राशी होता. तिने सांगितल्यावर त्याने हातमोजे काढले आणि छाती फुगवली. “म्हणजे आता मी चीफ?”

“तू सही करणारा. चीफ व्हायला अजून सहा महिने माझेच हाल व्हायचेत. जानेवारीचं काय, आजपासूनच सुरू कर.”

त्याने त्या दिवशीचे पेशीगणनेचे अहवाल छापले, आकडे यंत्राच्या नोंदीशी ताडले आणि पहिल्यावर सही केली. मग तो कागद सवयीने तिच्यापुढे धरला.

योर्लेनीचा हात अर्धा उचलला गेला. वरचा आकडा तिला तेवढ्या अंतरावरूनही दिसत होता. खालचे दिसत नव्हते.

“मला काय दाखवतोस?” ती म्हणाली. “दुधाची गाडी दहाला निघते. शेतकऱ्यांना पोचवायला ड्रायव्हरच्या हातात दे.”