अण्णांचा थेंब

श्रीधररावांना, म्हणजे आपल्या अण्णांना, बेंगळुरूच्या पीण्या औद्योगिक वसाहतीतले अर्धे कारखानदार घाबरत आणि उरलेले अर्धे त्यांना वैतागलेले असत. त्यांचा धंदाच तसा. कारखान्यांतली मोजमापाची अवजारं, म्हणजे व्हर्नियर, मायक्रोमीटर, गेज, ती खरं मोजतात की थापा मारतात हे तपासून द्यायचं, पास झालं की तारखेचा स्टिकर चिकटवायचा आणि पुढच्या तारखेला परत आणायला सांगायचं. कोणी महिनाभर उशीर केला की अण्णांच्या तोंडाचा पट्टा सुटायचा.

"चांगलं चाललंय म्हणून आणलं नाही? अहो, बिघडलेलं मायक्रोमीटरही झोकात चालतं! आकडा दाखवायचं थांबतं का ते? चुकीचा दाखवतं, एवढंच!" हे मराठीत, कन्नडात आणि समोरचा फारच मख्ख असला तर हिंदीतही. घरी जे. पी. नगरला येईपर्यंत आवाज बसलेला असायचा.

असा हा माणूस स्वतःच्या डोळ्यांत दोन वर्षं स्टेरॉइडचे थेंब घालत होता आणि एकदाही डोळे तपासून घ्यायला गेला नव्हता. आता काय म्हणावं!

सुरुवात साधीच होती. ग्राइंडिंगची धूळ आणि बेंगळुरूच्या हवेतले परागकण यांनी अण्णांचे डोळे लाल होऊन खाजायला लागले. डावा जास्त. एका डॉक्टरांनी थेंब दिले, "दोन आठवडे घाला आणि दाखवायला या" म्हणाले. थेंब म्हणजे जादू. तिसऱ्या दिवशी डोळे पांढरेशुभ्र. मग दाखवायला कशाला जायचं? बाटली संपली, खाज परत आली. अण्णांनी रिकामी बाटली कोपऱ्यावरच्या मेडिकलवाल्यापुढे ठेवली. त्याने "सरी सार", म्हणजे बरं साहेब, म्हणून दुसरी दिली. तेव्हापासून हे असंच चाललं होतं.

एवढ्यावर भागलं असतं तर ही गोष्ट एका हट्टी म्हाताऱ्याची झाली असती. पण अण्णांना चांगली वस्तू एकट्याने वापरवत नाही. गेल्या वर्षी नात उल्का, वय वर्षं अकरा, डोळे चोळत शाळेतून आली आणि अण्णांनी तिला मांडीवर डोकं ठेवायला लावून दोन्ही डोळ्यांत एकेक थेंब सोडला. पोरीला लगेच बरं वाटलं. घरात त्याला 'अण्णांचा थेंब' असं नावच पडलं. रोज सकाळी वेण्या घालून झाल्या की आधी थेंब, मग दप्तर. सूनबाई मेघाश्री अधूनमधून म्हणायची, "अण्णा, एकदा डॉक्टरला विचारूया का?"

"विचारायचं काय त्यात? मी घेतोय ना!" आणि अण्णा उल्काच्या हातात व्हर्नियर देऊन सांगायचे, "वाच गं." पोर हुशार. मिलिमीटरच्या पन्नासाव्या भागापर्यंत बिनचूक वाचायची. "बघ! असे डोळे आहेत का कुणाचे सोसायटीत?" अण्णांची आपली ही चाचणी. स्वतःचीही तशीच करायचे, रोज, दुकान उघडलं की पहिली.

आणि नेमकी तीच चाचणी या जूनपासून दगा द्यायला लागली. खिडकीशी, लख्ख उजेडात धरलं की रेघा फिसकटायच्या. सावलीत जरा बऱ्या दिसायच्या. संध्याकाळी तुमकूर रस्त्यावर समोरच्या गाड्यांचे दिवे असे पसरायचे की अण्णा सगळ्या ड्रायव्हरांच्या आईबापांचा उद्धार करत घरी यायचे. शेवटी चष्म्याचा नंबर वाढला असणार, असा निकाल त्यांनी स्वतःच दिला आणि शनिवारी डोळ्यांच्या दवाखान्यात निघाले. मेघाश्री गाडी चालवायला. उल्का कशाला, तर नंतर डोसा खायला.

डॉक्टर पवित्रा तरुण होत्या आणि अण्णांना तिथेच पहिला राग आला. चष्म्याचा नंबर काढायचं सोडून बाई विचारत काय होत्या, तर कुठले थेंब, किती दिवस.

"दोन वर्षं," अण्णा ऐटीत म्हणाले. "एक दिवस चुकवला नाही."

डॉक्टर लिहायच्या थांबल्या. मग त्यांनी डोळा बधिर करणारा थेंब घातला, अण्णांना यंत्रावर हनुवटी टेकवायला लावली आणि निळा उजेड डोळ्याजवळ आणून दाब मोजला. उजव्या डोळ्याचा सव्वीस. डाव्याचा एक्केचाळीस.

"एक्केचाळीस काय?" एककाशिवाय आकडा अण्णांना खपत नसे.

"मिलिमीटर पारा. साधारण एकवीसच्या आत हवा."

"तुमचं यंत्र कधी तपासलं होतं?"

मेघाश्रीने कपाळाला हात लावला. डॉक्टरांनी मात्र न चिडता यंत्राच्या बाजूचा स्टिकर दाखवला. तारीख चालू होती. अण्णांनी चष्मा वर करून दोनदा वाचली.

"आता उजवा डोळा तळहाताने झाका. नुसतं माझ्या नाकाकडे बघा. मी बाजूला बोटं हलवीन, दिसली की सांगा."

अण्णा बघत राहिले. बाई हात आडवे करून बसल्या होत्या, दुसरं काही करत नव्हत्या.

"हलवा की मग!" अण्णा खेकसले. "किती वेळ नुसतं नाकाकडे बघायचं तुमच्या?"

खुर्चीमागे उभी असलेली उल्का हळूच म्हणाली, "आजोबा, त्या कधीच्या हलवतायत."

अण्णांनी मान वळवली. नाकाच्या बाजूला, जरा वरच्या अंगाला, खरोखरच दोन बोटं हलत होती. पुन्हा समोर बघितलं. बोटं नाहीत. तिथे काळोखही नाही, काहीच नाही.

पुढे दोन तास गेले. बाहुल्या मोठ्या करून आतली नस बघितली, एका पांढऱ्या वाडग्यात डोकं घालून लुकलुकणारे दिवे दिसले की बटण दाबायची परीक्षा झाली. डाव्या डोळ्याच्या वेळी अण्णांना वाटलं यंत्र झोपलंय. नंतर कागदावर अर्ध्याहून जास्त भाग काळा छापून आला.

"हे बघा," डॉक्टर पवित्रा म्हणाल्या. "हे थेंब सूज आणि खाज भराभर घालवतात. पण काही जणांच्या डोळ्यातलं पाणी बाहेर जायची जी बारीक वाट असते, ती या औषधाने तुंबते. आत पाणी साठतं, दाब वाढतो आणि नस हळूहळू मरते. दुखत नाही, लाल होत नाही. डोळा उलट छान पांढरा दिसतो."

"पण मी तर मायक्रॉन वाचतोय रोज!"

"वाचणारच. मधली नजर सर्वांत शेवटी जाते. कडेची आधी जाते, आणि दोन्ही डोळे उघडे असले की डाव्याचं उणं उजवा भरून काढतो. तुम्हाला कळणार कसं? आणि दिवे पसरतात ना, उजेडात वाचता येत नाही ना, तो मोतीबिंदू. भिंगाच्या मागच्या बाजूला धरलाय. तोही बहुतेक याच थेंबांचा. त्याचं ऑपरेशन होतं. नसेचं होत नाही. आपण दाब खाली आणू, आहे ते जपू. गेलेलं परत येणार नाही."

अण्णा भडकले. भडकणं त्यांना जमायचं, म्हणून तेच केलं. "मग असलं विष विकतात कशाला? बंदी घाला!"

"विष नाही ते. माझ्या काही पेशंटना वर्षानुवर्षं लागतं, दुसरा इलाजच नसतो. पण ते ठरल्या वेळी येतात, मी दाब मोजते, नस बघते, भिंग बघते. वाढला तर औषध बदलते. तुम्हालाही पहिल्या डॉक्टरांनी बोलावलं असेल ना परत?"

अण्णांकडे उत्तर होतं, म्हणजे तेच. चांगलं चाललं होतं म्हणून गेलो नाही. हेच वाक्य ते आयुष्यभर दुसऱ्यांच्या तोंडून ऐकून त्यांची सालटी काढत आले होते.

डॉक्टरांनी नवी औषधं लिहिली, अण्णांनी दाखवायला आणलेली थेंबांची बाटली हातात घेतली आणि सहज विचारलं, "घरात आणखी कोणी घालतं का हे? याने दाब वाढायची प्रवृत्ती कधीकधी घराण्यात असते. लहान मुलांत तर दाब फार लवकर चढतो."

मेघाश्रीने तोंड उघडलं. पण तिच्याआधी अण्णांनीच हात वर केला, वर्गात पकडल्या गेलेल्या पोरासारखा.

"मी घातले," ते म्हणाले. "हिच्या डोळ्यांत. वर्ष झालं. हिच्या आईने विचारलं होतं, मीच ऐकलं नाही. मी." आवाज इतका बारीक आला की उल्काने वाकून आजोबांच्या तोंडाकडे बघितलं.

"ये पुट्टी, ये बाळा, बस इथे," डॉक्टर म्हणाल्या.

अण्णा उठले आणि भिंतीला टेकून उभे राहिले. बाहुल्या मोठ्या झाल्यामुळे सगळी खोली धुरकट होती, उल्काचा चेहरासुद्धा. देवाला त्यांनी एरवी कधी फार त्रास दिला नव्हता. आता मात्र मनातल्या मनात सरळ घासाघीस सुरू केली. माझा दुसराही घे. घे म्हणतो ना! पण हिचं काही करू नकोस.

निळा उजेड एका डोळ्यावर गेला. मग दुसऱ्यावर.

"अठ्ठावीस. आणि एकोणतीस."

मेघाश्री मटकन खुर्चीवर बसली.

मग उल्काच्या बाहुल्या मोठ्या होईपर्यंत थांबायचं होतं. तेवढा वेळ पोर आपली डोळे मिटून पाय हलवत बसली होती आणि डोसा मिळणार की नाही एवढंच विचारत होती. शेवटी डॉक्टरांनी आत बोलावलं, भिंग बघितलं, नस बघितली, तिचे फोटो काढले, ते पडद्यावर मोठे करून बघितले.

"भिंग स्वच्छ आहे. नस चांगली आहे," त्या म्हणाल्या. "वेळेत आलात. हे थेंब आजपासून बंद. खाजेसाठी दुसरे देते, दाबासाठी वेगळे. बहुतेक काही आठवड्यांत खाली येईल. पण बहुतेक म्हणजे नक्की नाही, म्हणून मोजायचंच. पुढच्या आठवड्यात, मग महिन्याने, मग मी सांगेन तेव्हा. डोळे कितीही छान दिसत असले तरी."

अण्णांनी नाक ओढलं, खिशात रुमाल मिळेना म्हणून शर्टाच्या बाहीने डोळे पुसले. मग घसा साफ केला, थोडा जुना आवाज काढला. "तारीख लिहून द्या. मी आणतो तिला. दर वेळेला. एक दिवस इकडचा तिकडे होणार नाही."

मेघाश्री उठली. इतक्या वर्षांत तिने सासऱ्यांना उलट उत्तर दिलं नव्हतं. आताही ती ओरडली नाही. उल्काचा हात धरून तेवढंच म्हणाली, "नको अण्णा. तिला मी आणीन."

दुसरं कोणी हे म्हटलं असतं तर अण्णांनी दवाखाना डोक्यावर घेतला असता. त्यांनी चाचपडत दाराची कड धरली.

"बरं," ते म्हणाले. "मग मलाही आण गं मेघा. एकटा मी काही यायचा नाही. मला माहीत आहे ना मी कसा आहे."