पाहुण्यांचं वाय-फाय

प्रिंटरला काम मिळालं की त्याचा हिरवा दिवा आधी तीनदा लुकलुकतो, मग कागद ओढल्याचा आवाज येतो. मध्ये साधारण चार सेकंद जातात. रविवारी दुपारी तो लुकलुकला तेव्हा नानांचा कॉम्प्युटर बंद होता आणि माझ्या कॉम्प्युटरला मी हात लावला नव्हता.

कागद बाहेर आला. प्रफुलचं पुण्याचं परतीचं तिकीट.

प्रफुल माझा मोठा भाऊ. वर्षातून तीनदा वर्ध्याला येतो. मी आणि आमचे वडील, नाना, इथे कायमचे. पुढच्या खोलीत माझं रक्ताचे नमुने घ्यायचं केंद्र आहे. नमुने नागपूरला जातात, रिपोर्ट माझ्या कॉम्प्युटरवर येतात. नाना निवृत्त मास्तर. ते आपल्या कॉम्प्युटरवरून रिपोर्ट उघडतात, छापतात आणि पाकिटात घालून देतात. पासवर्ड टाकायची वेळ आली की ते गोंधळतात, म्हणून तो फोल्डर मी घरच्या वाय-फायवर उघडा ठेवला होता. ही चूक माझी.

दिवाळीत प्रफुलच्या लॅपटॉपला तो फोल्डर दिसला. मागच्या गल्लीतल्या अपेक्षाचा रिपोर्ट त्याने वाचला आणि सासरवाडीला, रोहण्याला गेल्यावर जेवताना सांगून टाकला. ती सिकल सेल या आनुवंशिक रक्ताच्या आजाराची वाहक आहे. वाहक म्हणजे आजारी नव्हे. नवरा मुलगा वाहक नसेल तर मुलांनाही तो आजार होत नाही. पण तिचं लग्न रोहण्यातच ठरलं होतं, आणि तिथे एवढं ऐकायला कोणी थांबलं नाही. लग्न मोडलं.

अपेक्षाची आई, लीलाबाई, दारातच उभी राहिली. "तपासाले रक्त देल्लं होतं मीराताई," ती म्हणाली, "गावभर वाटाले नाई."

पुन्हा असं होणार नाही, असा शब्द मी तिला दिला.

त्याच संध्याकाळी राउटरच्या सेटिंगमध्ये जाऊन पाहुण्यांसाठी वेगळं नेटवर्क सुरू केलं. त्याला वेगळं नाव, वेगळा पासवर्ड. पाहुण्यांना घरातली इतर उपकरणं दिसू द्यायची परवानगी काढून टाकली. घरच्या नेटवर्कचा पासवर्डही बदलला. नाहीतर ज्यांच्या फोनमध्ये जुना साठवलेला होता ते सगळे आपोआप आतच आले असते. प्रिंटर, दोन्ही कॉम्प्युटर आणि आमचे दोघांचे फोन नव्याने जोडले. मग माझा फोन पाहुण्यांच्या वाय-फायवर टाकून तपासलं. इंटरनेट चाललं, प्रिंटर दिसला नाही, फोल्डरही उघडला नाही. नाना शेजारी बसून बघत होते.

"घरचा पासवर्ड फक्त आपल्या दोघांत," मी म्हणाले होते.

"हो," ते म्हणाले होते.

गुरुवारी प्रफुल आला. पासवर्डची चिठ्ठी हातात दिल्यावर नेटवर्कचं नाव वाचून हसला. "पाहुणे? वा मॅडम! आता चहापण पाहुण्यांच्या कपात देजो."

"कोणताही कप घे," मी म्हणाले. "इंटरनेट मात्र यावरच वापर."

आणि आता हे तिकीट. मी राउटरची यादी उघडली. घरच्या नेटवर्कवर माझा फोन, नानांचा फोन, दोन कॉम्प्युटर, प्रिंटर. सहावा प्रफुलचा लॅपटॉप. शुक्रवार सकाळपासून.

नाना आणि प्रफुल मधल्या खोलीत चिवडा खात होते. मी तिकीट टेबलावर ठेवलं.

"नाना, पासवर्ड दिला?"

"सांगितला नाई," नाना म्हणाले. "त्यानं फोन मांगला, मी देल्ला. त्यानं त्यावरचा वाय-फायचा तो चौकोन स्कॅन केला."

"घरच्या पोराले पाहुणा म्हणते," प्रफुल म्हणाला. "नानाले वाईट वाटलं."

"फोल्डर उघडलास?"

"काऊन उघडू? मले काय करायचं लोकाईच्या रक्ताचं?"

दिवाळीतही तो हेच म्हणाला होता. उघडला की नाही, हे मला कळायला मार्ग नव्हता. तीन दिवसांत नव्वद रिपोर्ट आले होते.

"नाना, मी लीलाबाईला शब्द दिला होता."

"लीलाबाई परकी," नाना ताटलीकडे बघत म्हणाले. "हा पोरगा आहे माहा. त्याले दारात कसा उभा करू? तू समजदार आहे. पासवर्ड बदलून टाक, झालं."

ते खरंच होतं. दहा मिनिटांचं काम होतं. पुन्हा प्रफुल आला की नाना पुन्हा फोन देतील, आणि मी पुन्हा बदलेन. नानांना एकटं कसं ठेवायचं, म्हणून पुलगावच्या दवाखान्यात केंद्रासाठी मिळत असलेल्या खोलीला मी दोन वर्षं नकार देत आले होते. तिथल्या डॉक्टरीणबाई दर महिन्याला विचारायच्या. अर्धे नमुने तर पुलगाव-नाचणगावचेच.

प्रफुलने तिकिटाची घडी करून खिशात घातली. "झालं का? चहा ठेव मग."

मी पुढच्या खोलीत जाऊन माझा कॉम्प्युटर बंद केला, वायर काढून गुंडाळली आणि परत आले.

"नाना," मी म्हणाले, "एक तारखेला मी केंद्र पुलगावला नेते. मीही तिथंच राहीन."