तुटला डावा, दमला उजवा

नामा ड्रायव्हरला जगात एकच माणूस शहाणा वाटे, आणि त्याचं नाव नामा. ठाण्यात खोपटच्या एसटी डेपोत खिडकीत बसून माइकवर गाड्या पुकारणाऱ्यांना तो पोपट म्हणे. गाडी चालवता येत नाही म्हणून तोंड चालवतात, हे त्याचं ठरलेलं मत.

असा हा शहाणा डोंबिवलीत स्वतःच्याच जिन्यावरून घसरला आणि डावं मनगट मोडून बसला. डावा म्हणजे गिअरचा हात. त्यात पकड राहिली नाही तर डॉक्टर स्टिअरिंगला हात लावू देणार नव्हते. मग त्याच्याही नशिबी खिडकी आणि माइक.

हाडाच्या डॉक्टरांनी त्याला दक्षताकडे पाठवलं. ती फिजिओथेरपिस्ट, त्याच्या मुलीच्या वयाची. तिने त्याच्या उजव्या हातात कडक स्प्रिंगचा ग्रिपर ठेवला.

"काका, हा जीव खाऊन दाबायचा. सोपा वाटला की आणखी कडक देईन."

"मॅडम, तुटलाय डावा."

"माहितीये. प्लास्टरमध्ये त्याला काही करता येत नाही. पण उजव्याने पूर्ण जोर लावलात तर डाव्याची ताकदही बरीच टिकते."

"मग माझ्याऐवजी ह्या गोपीनाथलाच दाबू दे की! तोपण माझ्या बाजूलाच असतो." सोबत आलेला त्याचा कंडक्टर गोपीनाथ खो खो हसला.

"गोपीनाथकाकांचा मेंदू वेगळा आहे," दक्षता शांतपणे म्हणाली. "तुमच्या दोन्ही हातांना हुकूम तुमच्याच मेंदूतून जातो. उजव्याला जोराचा हुकूम द्यायला तो शिकला, की डाव्यालाही चांगला देतो. स्नायू फुगणार नाही. हुकूम सुधारेल."

नामाने हे डेपोत मीठमसाला लावून सांगितलं. वर छाती ठोकून म्हणाला, "ह्याने फरक पडला, तर ह्याच माइकवरून मी मूर्ख आहे म्हणून पुकारीन!" गोपीनाथने सगळ्यांना साक्षीला ठेवलं.

पण मनातून स्वारी घाबरलेली. पोरीचं खरं निघालं तर? एका टाकीतलं डिझेल दुसरीत ओतलं की पहिली रिकामी होणार, असा त्याचा हिशेब. डावा भरता भरता उजवाही गेला म्हणजे? म्हणून हा बहाद्दर ग्रिपर बाजूला ठेवून टीव्हीसमोर बसून स्पंजचा चेंडू कुरवाळत राही.

पुढच्या भेटीत दक्षताने उजव्याची पकड यंत्रावर मोजली. काटा होता तिथेच.

"काही केलं नाहीत तुम्ही."

नामाने शेवटी टाकीचं सांगून टाकलं. ती हसली नाही, तेच त्याला जास्त लागलं.

"उजव्याचं काही जात नाही, काका. उजवा वाढला तरच डाव्याला काही मिळेल, तेही त्याहून कमी. घाबरलात?"

घाबरला म्हणे! नामाने त्या दिवसापासून ग्रिपरचा गळा धरला, तो केवळ पोरीला खोटं पाडायला. दात-ओठ खाऊन दाबला, कडक मागून घेतला, घामाने बनियन भिजवला.

प्लास्टर निघालं तेव्हा डावा हात शेवग्याच्या शेंगेसारखा झालेला. नामाला आनंदच झाला. "बघा मॅडम, हीच का तुमची ताकद?"

"स्नायू रोडावणारच. आधी मनगट मोकळं करू," ती म्हणाली.

हाड नीट जुळल्याची खात्री झाल्यावर तिने यंत्र डाव्या हातात दिलं. दारात गोपीनाथ साक्षीला उभा. नामाने मूठ आवळायला घेतली आणि चरकला. त्या शेंगेत पकड होती! चांगली होती. पूर्ण दाबावं तर माइकवर तोंड काळं होणार, सैल सोडावं तर गाडी जाणार. आणि हा गाढव काय करतो? सैल सोडतो! तीनदा मोजलं, तिन्ही वेळा आकडा कमीच, आणि दर वेळी वेगळा.

दक्षताने पेन खाली ठेवलं.

"पूर्ण जोर लावणाऱ्याचे आकडे एवढ्या उड्या मारत नाहीत. हेच लिहू का? डॉक्टर हा कागद बघूनच ठरवणार. मग खिडकीवर बसा आयुष्यभर."

नामाच्या डोळ्यांसमोर त्याची गाडी आली, ड्रायव्हरच्या रिकाम्या सीटची. त्याला रडू फुटायचं बाकी होतं. त्याने डोळे मिटले आणि दाबलं. काटा सरकला. गोपीनाथची बत्तिशी दिसली.

"उजव्याइतका नाही, पण अशा हाताला हे उत्तम आहे," दक्षता म्हणाली. "अजून थोडे दिवस ह्याच हाताने मेहनत करा. मग गिअर टाकाल."

गाडी मिळाली. पण गोपीनाथने पहिल्या फेरीआधी त्याला खिडकीत नेऊन बसवलं. सगळा डेपो जमला होता. नामाने घसा साफ केला आणि माइक धरला, डाव्या हाताने, घट्ट.

"नामा ड्रायव्हर मूर्ख आहे," तो पुकारला.

खिडकीशी एक म्हातारी पिशवी सावरत पुढे आली. "कुठल्या फलाटाला लागलीय रे ती?"