पाच वर्षांचे पाच दर

आमच्या कंपनीत औषधाच्या बाटल्यांची झाकणं बनतात. वीस वर्षं मी इथला हिशेबप्रमुख आहे. माझ्या नाकावर राग असतो असं ऑफिसात सगळे म्हणतात आणि ते खरं आहे. चुकीचा कागद समोर आला की माझं डोकं फिरतं. फक्त तो कागद माझा स्वतःचा असला तर काय करायचं, हे मला त्या आठवड्यापर्यंत माहीत नव्हतं.

मालकांनी परदेशात कारखाना काढायचा चंग बांधला होता. तिकडच्या एका औषध कंपनीशी पाच वर्षांचा करार करायचा, यंत्रं आपली, माल त्यांनी घ्यायचा, आणि पाच वर्षांनी यंत्रं फुकट त्यांच्या हवाली करून परत यायचं. गुंतवणूक आपल्या चलनात चाळीस कोटी. कमाई सगळी तिकडच्या चलनात. हे परवडतं का, ते सोमवारच्या बैठकीत मला सांगायचं होतं.

मी आठ दिवस खपून तक्ता केला. आपल्या एकाला तिकडचे दहा मिळतात, हा आजचा दर. पहिल्या वर्षी हातात येणार तिकडचे शंभर कोटी. तिकडे महागाई बारा टक्के, आणि दरवर्षी त्याच हिशेबानं मालाचे भाव वाढवायची सोय करारात होती, म्हणून रक्कमही दरवर्षी बारा टक्क्यांनी वाढवली. मग प्रत्येक वर्षाच्या रकमेला दहानं भागलं आणि मालकांना हव्या असलेल्या दहा टक्के परताव्यानं ती आजच्या किमतीत आणली. बेरीज सत्तेचाळीस कोटींच्या वर गेली. चाळीस वजा जाता सात कोटींहून जास्त फायदा. मी स्वतःवर इतका खूश झालो की त्या दिवशी कुणावर खेकसलोही नाही.

गुरुवारी सकाळी मालकांच्या धाकट्या भावांना फायद्याचा आकडा तोंडी सांगून टाकला आणि तो तक्ता ताईंकडे तपासायला दिला.

ताई म्हणजे आमच्या बँक-व्यवहाराच्या बाई. परदेशी पैसे येणं-जाणं, दर ठरवणं, सगळं त्यांच्याकडे. समोर सगळे ताई म्हणतात, माघारी खोडरबर. त्यांच्या हातून कागद परत आला की अर्धे आकडे गायब झालेले असतात. पण या वेळी मी निर्धास्त होतो. कारखाना झाला तर तिथला पैशाचा कारभार ताईंनीच बघायचा, हे मालकांनी सगळ्यांसमोर कबूल केलं होतं. आणि ताईंची एकुलती एक मुलगी त्याच शहरात होती. जावई बोटीवर, वर्षातले आठ महिने समुद्रात. मुलगी तीन महिन्यांच्या बाळाला घेऊन एकटी, आणि दोन महिन्यांत तिला कामावर परत जायचं होतं. पाहुणी म्हणून गेल्या तर ताईंना फार तर महिनाभराची रजा. कंपनीतर्फे गेल्या तर पाच वर्षं. नातवाचा फोटो त्यांच्या टेबलावर कॅल्क्युलेटरला टेकून ठेवलेला असायचा. त्या माणसानं या तक्त्यात खोट काढावी, हे माझ्या स्वप्नातही नव्हतं.

दुपारी त्या माझ्या खोलीत आल्या आणि दार लावून घेतलं. मी लगेच ओळखलं.

"बोला," मी म्हणालो. "काय खोडलंत?"

"एकच गोष्ट. पाचही वर्षांना दर दहाच कसा?"

"मग काय धरू? उद्याचा दर कुणाला कळलाय? मी काही ज्योतिषी नाही, ताई. आजचा दर खरा आहे, तोच धरला."

"आजचा दर पाच वर्षं तसाच राहील, हेही भाकीतच आहे की. आणि तुम्ही एक भाकीत आधीच करून बसलायत. तिकडची महागाई बारा टक्के धरून कमाई फुगवलीत ना?"

"फुगवली नाही, वाढवली."

"बरं, वाढवली. आपल्याकडे महागाई चार. तिकडे बारा. तिकडचं नाणं दरवर्षी इतकं स्वस्त होणार आणि तरी आपल्या एकाला त्यांचे दहाच मिळणार? का बरं? आपल्यावर उपकार म्हणून?"

मी तक्ता त्यांच्यापुढं सरकवला. त्या पेन्सिलीनं लिहीत गेल्या. दहाला एक पॉइंट बारानं गुणायचं आणि एक पॉइंट शून्य चारनं भागायचं. पहिल्या वर्षी दहा पॉइंट सत्त्याहत्तर. पुन्हा तसंच, दुसऱ्या वर्षी अकरा पॉइंट साठ. तिसऱ्या वर्षी साडेबाराच्या आसपास. चौथ्या वर्षी तेरा पॉइंट पंचेचाळीस. पाचव्या वर्षी जवळजवळ साडेचौदा.

"हा माझ्या मनचा खेळ नाही," त्या म्हणाल्या. "सकाळी बँकेला विचारलं. पुढच्या वर्षीचा दर आजच पक्का करून हवा असेल तर ते दहा पॉइंट पंच्याहत्तर देतायत. दोन्हीकडच्या व्याजदरांवरून त्यांचाही हिशेब तिथेच जातो. दर तंतोतंत असाच निघेल असं मी म्हणत नाही. एखाद्या वर्षी वर जाईल, एखाद्या वर्षी खाली. पण तुमच्या तक्त्यात तिकडची महागाई कमाईत मोजली जाते आणि दरात मोजली जात नाही. ती दोन्हीकडे हवी, नाहीतर कुठेच नको."

पाचव्या वर्षाचे तिकडचे एकशे सत्तावन्न कोटी. माझ्या हिशेबानं ते आपले पावणेसोळा होत होते. त्यांच्या दरानं पावणेअकरा आणि वर थोडे. मी घाईघाईनं पाचही वर्षं पुन्हा मांडली, दहा टक्क्यांनी आजच्या किमतीत आणली. सदतीस कोटी पंच्याऐंशी लाख. चाळीस घालायचे आणि पावणेअडतीसच्या थोडं वर मिळवायचे. सात कोटींचा फायदा गेला आणि सव्वादोन कोटींच्या जवळपास तोटा आला.

"दुसऱ्या वाटेनंही करून पाहिलं," ताई म्हणाल्या. "सगळं तिकडच्याच चलनात ठेवलं, परताव्याचा दरही त्यांच्या महागाईप्रमाणे साडेअठरा धरला आणि शेवटी आजच्या दहानं भागलं. उत्तर तेच. म्हणजे कुठे चुकले असेन म्हणून शोधायची सोयही राहिली नाही."

कुठे चुकले असेन म्हणून शोधलं होतं त्यांनी. सकाळपासून दुपारपर्यंत तेच केलं असणार. मला फार वाईट वाटलं आणि वाईट वाटलं की मी काहीतरी मूर्खासारखं बोलतो.

"ताई, एक करू या का? खाली बारीक अक्षरात लिहू, की दर आजचा धरला आहे. खोटं काहीच नाही त्यात. मालकांना समजायचं ते समजेल. तिकडे तुमची लेक एकटी आहे."

त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं की मला खुर्चीत बसवेना.

"माझ्या लेकीला या कागदावर आणू नका. मालकांचे चाळीस कोटी आहेत आणि खालच्या मजल्यावर दीडशे माणसं आहेत. तोटा झाला तर तो त्यांच्यातून कापला जाईल, बारीक अक्षरातून नाही."

सोमवारी बैठकीच्या खोलीत मालक, त्यांचे धाकटे भाऊ, मी आणि ताई. नवा तक्ता ताईंनीच मांडला. धाकटे मालक या कारखान्यासाठी तिकडे चार खेपा घालून आले होते. ते उसळले.

"गुरुवारी सकाळी हिशेबखातं सात कोटी फायदा म्हणत होतं. चार दिवसांत काय आभाळ कोसळलं? पहिला तक्ता कुणी केला?"

"आम्ही दोघांनी मिळून," ताई म्हणाल्या.

वीस वर्षांत मी या ऑफिसात कधी माझी चूक मोठ्यानं म्हटली नव्हती. पण ते वाक्य ऐकून माझी मलाच लाज वाटली.

"मी एकट्यानं केला," मी म्हणालो. "दर गोठवून ठेवला आणि भाववाढ मात्र मोकळी सोडली. ताईंनी पकडलं."

मालक माझ्याकडे बघत राहिले. मग ताईंकडे वळले. "हे दराचं भाकीत पुस्तकातलं झालं, ताई. प्रत्यक्षात असं होतं कशावरून?"

ताईंनी पर्समधून बँकेचं पासबुक काढलं.

"माझी मुलगी तिकडे नोकरीला लागली तेव्हापासून पगाराचा ठरावीक हिस्सा मला पाठवते. नको म्हटलं तरी ऐकत नाही. तीन वर्षांमागं तिकडचे तीस हजार पाठवायची, आता बेचाळीस हजार. तिचा पगार तिथल्या महागाईबरोबर वाढत गेला. ती दरवर्षी फोन करून सांगते, आई, या वर्षी जास्त पाठवलेत हं. माझ्या खात्यात तेव्हा पावणेचार हजार यायचे. आता चार हजार दोनशे येतात. तिची वाढ चाळीस टक्के, माझी बारा. तेवढी तर आपल्याकडची महागाईच झाली." त्यांनी पासबुक टेबलावरून पुढं सरकवलं. "मी तिला हे कधी सांगितलं नाही. तिला वाटतं ती खूप जास्त पाठवते."

धाकटे मालक पासबुक उचलायला गेले आणि हात मागे घेतला. त्यांनाही कळत होतं, की ही बाई लेकीच्या पैशांवरून हा हिशेब शिकली आणि या हिशेबानं तिचं काय जातंय.

"यंत्रं स्वस्तात मिळाली तर?" मालकांनी विचारलं. त्यांचा आवाज एकदम मऊ झाला होता.

"सगळं मिळून पावणेअडतीस कोटींत बसलं तर जेमतेम," ताई म्हणाल्या. "मी शनिवारीच विचारून ठेवलं. यंत्रं विकणारे एक पैसा कमी करायला तयार नाहीत."

मालकांनी तक्त्याची घडी केली. "मग नाही," ते म्हणाले, आणि उठता उठता ताईंसमोर थांबले. वयानं मोठा माणूस, मालक माणूस, त्यांनी दोन्ही हात जोडले. ताई गोंधळून उभ्याच राहिल्या.

माझ्या हाताखालून शेकडो माणसं गेली, हुशार, चलाख, पाठांतर पक्कं असलेली. ज्याच्या उत्तरात स्वतःचं सुख अडकलंय, तो हिशेब दोन वाटांनी करून बघणारं माणूस मी हे एकच पाहिलं.

थोड्या वेळानं मी त्यांच्या खोलीशी गेलो. काय बोलायचं ते ठरवलं नव्हतं. दार अर्धवट उघडं होतं आणि ताई फोनवर होत्या.

"नाही गं जमलं... नाही, दुसऱ्या कुणी नाही. मीच तपासलं."

पलीकडे बाळ रडायला लागलं, इतक्या जोरात की मला दारात ऐकू आलं. लेक घाईनं काहीतरी म्हणाली, बहुतेक फोन ठेवते म्हणाली असेल.

"ठेवू नकोस," ताई म्हणाल्या. "त्याच्या जवळ धर फोन. रडू दे. मी ऐकते."