जागची न हलणारी रेघ

मोबाईल दुरुस्तीचं दुकान सासऱ्यांचं, पण त्यात चौदा वर्षं राबली ती थोरली सून. तरी हल्ली गिऱ्हाईक आत शिरलं की विचारायचं काय, तर "धाकट्या बाई आहेत का?" थोरलीच्या अंगाचा तिळपापड व्हायचा. धाकटी जाऊ येऊन जेमतेम तीन वर्षं झाली होती!

त्या दुपारी थोरली भिंगाखाली कुणाचा तरी मोबाईल उघडून बसली होती. एक निवृत्त ग्रंथपाल ई-रीडर घेऊन आले आणि अर्थातच धाकटीसमोर बसले.

"पान उलटलं तरी मागच्या पानाची अक्षरं पुसट दिसतात. बिघडलंय?"

"नाही काका. पडद्यात बारीक काळे-पांढरे कण असतात. विजेच्या जोरानं काळे वर आले की अक्षर दिसतं. पण पान झटकन उलटायचं म्हणून यंत्र दरवेळी सगळे कण पुरते हलवत नाही. काही रेंगाळतात."

तिनं दर पानाला पूर्ण रिफ्रेश लावून दिलं. पडदा क्षणभर काळा झाला, मग पांढरा, आणि पान स्वच्छ उमटलं. "बॅटरी जरा लवकर उतरेल, एवढंच."

"वा! गुण आहे तुझ्या हाताला."

थोरलीनं मान वर केली आणि शेजारच्या त्या पडद्याच्या खालच्या कोपऱ्यातली केसाएवढी रेघ तिला दिसली. पडदा काळा झाला, पांढरा झाला, तरी ती जागची हलली नव्हती. रेंगाळलेली अक्षरं रिफ्रेशनं जातात. जे जात नाही ती इजा. कुठेतरी दाब पडून आतली काच तडकलेली असणार. पुन्हा दाब पडला तर पडदाच जाईल.

थोरलीनं पुन्हा भिंगात डोळा घातला. जाऊ दे. मग कळेल सगळ्यांना, धाकट्या बाई किती हुशार ते.

धाकटी काकांना दारापर्यंत सोडून आली. काचेतून थोरलीला दिसलं, त्यांनी ई-रीडर पिशवीत जाडजूड पुस्तकांखाली सरकवला. तिच्यानं राहवलं नाही. चिमटा टाकून ती रस्त्यावर धावली.

"काका, तो वर ठेवा! कोपऱ्यात रेघ आहे, पडद्याला मार बसलाय."

"हो, तिनं दाराशी सांगितलं ना. मीच विसरलो," काका ओशाळले. "म्हणाली, तडे ओळखावेत ताईंनीच. त्यांच्या हातात आत्ता काम आहे, उद्या त्यांनाच दाखवा."

थोरलीच्या कानशिलापर्यंत रक्त चढलं. आता धाकटीच्या चुकीचाही आधार उरला नव्हता, आणि वर हा चांगुलपणा! त्याचाच तिला जास्त राग आला.

दुसऱ्या दिवशी तिनं स्वतः पडदा बदलला. काढलेल्या पडद्याची काच कोपऱ्यात तडकलेलीच निघाली. शेजारून धाकटीनं विचारलं, "तडाच ना, ताई?"

"हं," थोरली म्हणाली. आणि बऱ्याच वेळानं, मान वर न करता, "बरोबर ओळखलंस."

ते दोन शब्द काढायला तिला पडदा बदलण्याहून जास्त वेळ लागला होता.